वाळूजमध्ये एकटं राहताना: डबा लावावा की खोलीवर स्वयंपाक करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, जालना, परभणीकडून वाळूज एमआयडीसीत कामाला आलेली पोरं दर आठवड्याला हाच विषय काढतात. मी स्वतः सहा वर्षं मेसचा डबा खाल्ला, आणि आता दोन वर्षं खोलीवर अर्धंमुर्धं रांधतो. ‘अर्धंमुर्धं’ का म्हणतो ते पुढे येईलच. सकाळी आठला कंपनीच्या गेटवर, ओव्हरटाइम धरून रात्री आठला बाहेर आणि नऊला बजाजनगरच्या खोलीवर, असा ज्याचा दिवस आहे त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. दुपारचं जेवण कंपनीच्या कँटीनमध्ये होतं असं धरलं आहे, म्हणजे प्रश्न फक्त रात्रीचा.

डबा स्वस्त पडतो की घरचं?

डब्याचा दर महिन्याने सांगतात, फसगत तिथेच होते. महिन्याचा दर सोडा. तुम्ही प्रत्यक्ष खाल्लेला एक डबा कितीला पडला, ते काढा. माझ्या एका महिन्याचा हिशेब मांडतो. दर तुमच्या गल्लीत वेगळे असतील, तुमचे आकडे घाला.

एक वेळचा डबा 1,800 रुपये महिना. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे 30 पैकी 26 डबे उरले. त्या महिन्यात मी दोनदा गावी गेलो, मेस चालू असलेल्या प्रत्येकी दोन रात्री बुडाल्या. खाडा धरायला सलग तीन दिवस लागतात आणि आधी सांगावं लागतं, असा आमच्या मेसचा नियम. माझे दोन-दोन दिवस म्हणून एकही खाडा धरला नाही. उरले 22. तीन रात्री ओव्हरटाइम लांबला आणि कँटीनमध्येच खाल्लं. 19. तीन रात्री भाजी आंबलेली निघाली, ती टाकून चहा-बिस्कीट खाल्लं. राहिले 16. आता 1,800 भागिले 16, म्हणजे डबा साठ रुपयांचा नव्हे, एकशे साडेबारा रुपयांचा पडला!

खोलीवरचा एका रात्रीचा खर्च असा: बाहेरून आणलेल्या तीन पोळ्या 8 रुपयांच्या दराने 24, तूरडाळ 60 ग्रॅम म्हणजे 9, तांदूळ 75 ग्रॅम म्हणजे 4, कांदा-टोमॅटो-लसूण-तेल-मसाला मिळून 12, आणि घरमालकाच्या सबमीटरवर अर्धं युनिट, 10 रुपये दराने 5. बेरीज 54. शिवाय न खाल्लेल्या रात्रीचे पैसे जात नाहीत, फार तर एखादी मेथीची जुडी सडते.

पण उलटी बाजूही बघा. तुम्ही गावी फार जात नसाल आणि 26 पैकी 25 डबे पोटात जात असतील, तर एक डबा 72 रुपयांना पडतो. म्हणजे खोलीवर रांधून रात्रीला 18 रुपये वाचणार, आणि त्यासाठी तुम्ही विळी, कुकर आणि खरकटी भांडी अंगावर घेणार. इतक्या पैशात भांडी घासून द्यायला कोणी तयार होईल का, विचारून बघा. मी सरळ सांगतो: महिन्याला 20 पेक्षा जास्त डबे खात असाल आणि भाजी ताजी येत असेल, तर डबा बंद करू नका.

मग ‘अर्धंमुर्धं’ म्हणजे नेमकं काय?

पोळी किंवा भाकरी विकत घ्यायची, आणि तिच्यासोबत लागणारं कोरड्यास, वरण, भात खोलीवर करायचं. इतकंच.

कारण साधं आहे. पोळ्यांना वेळ लागतो. कणीक भिजवा, ती मुरेपर्यंत थांबा, लाटा, भाजा आणि शेवटी ओट्यावर सांडलेलं पीठ पुसा. चार पोळ्यांसाठी नवख्या माणसाची 40 मिनिटं जातात, आणि त्या पोळ्या दोनदा तरी आफ्रिकेच्या नकाशासारख्या निघतात. वरण-भाताला हात लागतो तो दहा-पंधरा मिनिटं, बाकी काम कुकर करतो. डब्यात नेमकं उलटं असतं. पोळी चार तासांनी थोडी वातड होते, पण खाता येते. बिघडतो तो पातळ भाग. म्हणून बिघडणारी गोष्ट खोलीवर ताजी करा आणि वेळखाऊ गोष्ट विकत घ्या. बहुतेक जण नेमकं विरुद्ध करतात. उत्साहात पोळपाट-लाटणं आणतात आणि पंधरा दिवसांत ते खाटेखाली जातं.

डब्यातली भाजी आंबते कशाने? मावशी तर ताजीच करतात.

ताजी करतात, यात शंका नाही. पण मावशी ती भाजी पाच-साडेपाचला करतात. सहाला गरमागरम डब्यात भरून झाकण दाबतात. पोरगा सायकलवर चाळीस-पन्नास डबे वाटत फिरतो, तुमचा डबा साडेसातला दाराच्या कडीला अडकतो, आणि तुम्ही तो नऊनंतर उघडता. म्हणजे साडेतीन-चार तास भाजी ना गरम ना गार, कोमट. जंतूंना हीच ऊब मानवते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 40-42 वर जातो, तेव्हा डबा गार व्हायला सवडच मिळत नाही.

आंबलेलं ओळखायचं कसं? झाकण उघडताना फस्सकन हवा निघते, रश्शावर बारीक फेस दिसतो, चमच्याला तार सुटते. बटाट्याचा रस्सा आणि ओलं खोबरं घातलेली भाजी आधी जाते. फोडणी दिलेली सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा जास्त टिकतात. म्हणून डबा चालू ठेवायचा असेल तर दोनच गोष्टी मागा: उन्हाळ्यात रात्री सुकी भाजी, आणि डबा वाटणीत शेवटी. मावशींना विचारायचा खरा प्रश्न ‘तेल कोणतं वापरता’ हा नाही. ‘डबा किती वाजता भरता’ हे विचारा.

रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाल्ला तर चालतो ना? आई तेच करायची.

आई करायची, खरं आहे. पण त्यात धोका आहे. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष फोडणीत जळत नाही. भाताला वास येत नाही, चवही बदलत नाही, आणि दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात. कुकरात झाकून राहिलेला भात जास्त धोक्याचा, कारण तो बराच वेळ कोमटच राहतो.

फ्रिज असेल तर भात ताटलीत पसरून तासाभरात गार करा, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरताच भात लावा. अर्धी वाटी तांदूळ एकाला पुरतो. उरलाच तर माया करू नका, टाकून द्या.

माझी डाळ शिजतच नाही. सहा शिट्ट्या केल्या तरी दाणे वेगळे, पाणी वेगळं. कुकर खराब आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि दहापैकी आठ वेळा कुकरचा दोष नसतो. दोष असतो बोअरच्या पाण्यात.

आपल्या भागात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. डाळीचा दाणा मऊ पडतो, कारण त्यातला पेशींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ पाण्यात सुटतो. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या पदार्थाला बांधून टाकतं, मग तो सुटत नाही आणि दाणा गच्च राहतो. ओळख सोपी आहे. तुमच्या बादलीच्या काठाला, हिटरच्या कॉइलला पांढरा थर बसतो का? अंगाला साबणाचा फेस येत नाही का? मग ते पाणी डाळीला लावू नका.

उपाय म्हणजे डाळ धुवायला बोअरचं पाणी चालेल, पण भिजवायला आणि शिजवायला जारचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. एका माणसाच्या वरणाला दोन-अडीच पेले पुरतात. मीठ, चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबट गोष्ट आधी पडली की डाळ अडून बसते. एवढं करूनही शिजली नाही तर डाळ जुनी आहे. तूरडाळीचं मोठं मार्केट लातूरला आहे, तिथली नवी डाळ आली की किराणावाल्याकडून घ्या, पण एकदम पाच किलो नको. चिमूटभर सोडा घातला की डाळ लवकर गळते हेही खरं. मात्र चिमूट चमचा झाली की वरणाला साबणासारखी चव येते, शिवाय ब-1 जीवनसत्त्व जातं. मी तो शेवटचा उपाय ठेवतो.

रात्री नऊला आल्यावर जेवण किती वाजता होतं? मिनिटामिनिटाने सांगा.

नऊला दार उघडलं की चप्पल काढायच्या आधी नाही, पण आंघोळीच्या आधी एक काम करा. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन भिजत घाला. अर्ध्या तासाची भिजवण पुरते. सकाळी घालून जायची हुशारी करू नका. उन्हाळ्यात बंद खोलीत बारा तासांनी डाळ आंबून फेसाळलेली सापडते.

साडेनऊला तीन लिटरचा कुकर घ्या. तळाला पेलाभर पाणी, एका भांड्यात डाळ, हळद, चार थेंब तेल आणि डाळीच्या तिप्पट पाणी. तेलाने फेस वर येत नाही आणि शिट्टी तुंबत नाही. वरच्या भांड्यात धुतलेले तांदूळ आणि दुप्पट पाणी. शिट्टी झाली की आच कमी करा, तूरडाळीला चार-पाच शिट्ट्या. मग बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. इथे सगळे घाई करतात आणि शिट्टी उचलून वाफ सोडतात. त्या दहा मिनिटांत डाळ आतल्या उष्णतेवर शिजत असते. वाफ सोडली की वरण अर्धकच्चं राहतं, भात फुटतो, आणि हात भाजतो ते वेगळंच.

या दहा मिनिटांत कांदा चिरा, लसूण ठेचा, खाली जाऊन पोळ्या घेऊन या. दहाच्या सुमारास फोडणी: दोन चमचे तेल, मोहरी, जिरे, लसूण, कांदा, टोमॅटो, आणि अर्धा चमचा घरचा काळा मसाला. त्यावर घोटलेलं वरण, मीठ, एक उकळी. सव्वादहाला ताट वाढलेलं असतं. उशीर होतो हे मान्य आहे. ज्या दिवशी नऊऐवजी दहा वाजतात, त्या दिवशी तुरीच्या नादी लागू नका. मूग किंवा मसुराची डाळ न भिजवता दोन-तीन शिट्ट्यांत होते.

आणि ज्या दिवशी कुकर लावायचंही त्राण नसतं?

त्या दिवसासाठी गावाकडून येसर आणून ठेवा. लग्नाच्या पंगतीत येसर आमटी वाढतात तेच. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळलेलं पीठ. सगळं आधीच भाजलेलं असल्याने ते कोरड्या डब्यात टिकतं, फ्रिज लागत नाही. एका माणसाला दोन मोठे चमचे येसर एक पेला गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. गरम पाण्यात घातलं तर गोळे झालेच म्हणून समजा. तेलात लसूण-जिऱ्याची फोडणी करून त्यात हे पाणी ओता, आणखी पेलाभर पाणी आणि मीठ घालून सात-आठ मिनिटं उकळा. उकळताना दाट होते, म्हणून सुरुवातीला पातळच ठेवा. त्यात भाकरी कुस्करली की झालं जेवण.

सोबत शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी असली तर भाजीची आठवण येत नाही. चटणीत ओला चमचा घालणाऱ्या रूममेटला मात्र आधीच दम द्या.

भाकरी स्वतः थापायला शिकू का?

हौस असेल तर रविवारी शिका. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकळत्या पाण्याने पीठ भिजवल्यावर जो चिकटपणा येतो त्यावरच भाकरी जुळते. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कड फाटते आणि चव कडवट लागते. एकट्या माणसाने किलोभरच दळून आणावं आणि आठ-दहा दिवसांत संपवावं. तुम्ही गावाहून एकदम दहा किलो पीठ आणता आणि भाकरी जमत नाही म्हणून स्वतःला दोष देता. ज्वारी आणा, पीठ नको.

विकतची भाकरी घ्यायची तर तव्यावरून उतरल्यावर लगेच घ्या. गार भाकरी तासाभरात चिवट होते. सोलापूरकडची कडक भाकरी मिळाली तर एक पुडा ठेवा. ती पापडासारखी वाळलेली असते, बरेच दिवस टिकते आणि वरणात चुरून झकास लागते.

इंडक्शन घ्यावं की गॅस?

आधी घरमालकाला विचारा. मग भिंतीतला सॉकेट बघा. 2,000 वॅटचं इंडक्शन पूर्ण जोरावर जवळपास 9 अँपिअर ओढतं. खोलीतला टीव्ही-चार्जरचा छोटा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. तिथे लावलं तर प्लग गरम होतो, जळकट वास येतो आणि एक दिवस पिन वितळते. मोठा 16 अँपिअरचा सॉकेट नसेल तर इंडक्शन 1,200 वॅटच्या वर नेऊ नका. त्यावर वरण-भात निवांत होतो. एक्स्टेंशन बोर्डावर तर अजिबात नको.

कुकर घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. बुडाला चिकटला तरच तो इंडक्शनवर चालतो. साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, हे मी 900 रुपये घालवून शिकलो.

वीज जास्त जाणाऱ्या भागात राहत असाल तर 5 किलोचा छोटा सिलिंडर एजन्सीतून ओळखपत्रावर घ्या. दुकानात मोठ्या टाकीतून भरून देतात तसला नको. तो बेकायदा आहे आणि त्याची गळती कोणी तपासत नाही. कुकर, इंडक्शन, कढई, दोन भांडी मिळून माझे साडेचार हजार गेले. वरच्या हिशेबाने महिन्याला सहाशेच्या आसपास वाचले, म्हणजे सात-आठ महिन्यांनी खर्च निघाला. चार महिन्यांत पुण्याला बदली होणार असेल तर हा घाट घालू नका.

नाइट शिफ्टच्या आठवड्यात काय?

त्या आठवड्यात मेसचा डबा उपयोगाचा नाही. तो येतो तेव्हा तुम्ही गेटवर असता. सकाळी परतल्यावर वरण-भात, झोप, आणि संध्याकाळी निघायच्या आधी पोळी-चटणी. मेसवाल्यांना शिफ्टचा तक्ता आधी दाखवला तर काही जण त्या आठवड्याचा खाडा धरतात. तोंडी नको, त्यांच्या वहीत लिहून घ्या.

मावशींना डबा बंद करतो हे कसं सांगू? चार वर्षं खाल्लंय त्यांच्या हातचं.

महिना भरायच्या आठ दिवस आधी सांगा, कारण पुढच्या महिन्याचा किराणा त्या आधीच भरतात. राहिलेले पैसे आणि त्यांचा डबा घासून परत द्या. अनामत दिली असेल तर तेव्हाच मागा, नंतर मागायला अवघड जातं. आणि मग विचारा, ‘मावशी, रोज रात्री साडेनऊला तीन पोळ्या देता का, रोख?’ मी असंच विचारलं होतं. मावशी दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘साडेनऊ नाही, सव्वानऊला ये. तवा तेव्हाच उतरवते मी.’ म्हणून आता मी डाळ भिजत घालतो, पोळ्या आणतो आणि मगच आंघोळीला जातो.